समेवर बदलणारे फोटो: श्रद्धांजलीचा व्हिडिओ गाण्याच्या लयीत कसा बांधायचा

तेराव्याला किंवा श्रद्धांजली सभेत लावायचा फोटोंचा व्हिडिओ बहुतेक वेळा घरातलंच कुणीतरी करतं. फोनमधलं ॲप सगळे फोटो घेतं, प्रत्येकाला सारखे चार-चार सेकंद देतं, फोटो आपोआप थोडा मोठा-लहान करतं आणि मागे अभंग वाजत राहतो. बघताना कुठेतरी खटकतं. फोटो कडव्याच्या मध्येच बदलतो, चेहरा फ्रेमच्या बाहेर सरकू लागतो, एक फोटो घाईत जातो तर दुसरा उगाच रेंगाळतो. याची कारणं ठरलेली आहेत आणि ती दूर करायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. फोटो किती वेगाने सरकवायचा आणि कुठे बदलायचा, या दोन गोष्टी आपण स्वतः ठरवायच्या, एवढंच.

स्थिर फोटोवरून कॅमेरा हळू फिरवण्याच्या या पद्धतीला बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये Ken Burns असं नाव दिसतं. केन बर्न्स हे अमेरिकन माहितीपटकार. त्यांनी ही पद्धत घरोघरी पोचवली, पण ती त्यांच्या आधीपासून वापरात होती. मी पुढे डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीतली बटणं सांगितली आहेत. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर बटणं बदलतील, विचार तोच राहील.

समजावण्यासाठी एक उदाहरण धरू. एका निवृत्त शिक्षिकेचा, घरातल्या काकूंचा, व्हिडिओ करायचा आहे. घरच्यांनी शंभराच्या वर फोटो पाठवलेत. गाणं म्हणून एक अभंग निवडलाय, लांबी 4 मिनिटं 48 सेकंद. सुरुवातीचे 24 सेकंद नुसता आलाप आणि हार्मोनियम, मग तबला सुरू होतो. ठेका आठ मात्रांचा आहे, केरवा किंवा भजनी.

सुरुवात फोटोंपासून करू नका, गाण्यापासून करा. गाणं लावा आणि मात्रा, म्हणजे ठेक्याचे सारख्या अंतराने पडणारे ठोके, मोजा. मिनिटाला 80 मात्रा पडत असतील तर एक मात्रा पाऊण सेकंदाची आणि आठ मात्रांचं आवर्तन बरोबर 6 सेकंदांचं. आपल्या कामाला हे माप अगदी सोयीचं आहे, कारण एक फोटो नीट बघायला, त्यातला माणूस ओळखायला आणि क्षणभर त्याच्याशी थांबायला साधारण एवढाच वेळ लागतो. म्हणजे एका आवर्तनाला एक फोटो. आलाप सोडून उरलेल्या 264 सेकंदांत अशी 44 आवर्तनं बसतात.

पण प्रत्येक समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, फोटो बदलला तर दहाव्या फोटोपर्यंत बघणाऱ्याला तो ठोका कळून जातो आणि लक्ष फोटोवरून उडून बदलण्यावर जातं. म्हणून काही फोटोंना दोन आवर्तनं द्यायची. इथे 24 फोटोंना एकेक आणि 10 फोटोंना दोन-दोन आवर्तनं दिली की 44 भरतात. आलापात 12-12 सेकंदांचे दोन फोटो. एकूण 36. बाकीच्या फोटोंसाठी घरच्यांशी आधीच बोलून घ्यावं. ते सगळे फोटो सभेच्या आधी, लोक येत असताना, कुठलीही हालचाल न देता वेगळे दाखवता येतात. मुख्य व्हिडिओत शंभर फोटो कोंबले तर प्रत्येकाला तीन सेकंदही येत नाहीत, आणि तीन सेकंदांत हळू सरकणारा फोटो सरकतोय हेच कळत नाही. हालचाल ठेवायची असेल तर फोटो कमी करण्याला पर्याय नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा हिशेब फोटोंची संख्या ठरवण्यापुरता. प्रत्यक्ष जागा कानाने ठरवायच्या. मैफलीतलं ध्वनिमुद्रण असेल तर लय हळूहळू वाढत जाते. 80 ने सुरू झालेला अभंग शेवटी 88 वर गेला तर आवर्तन सहावरून जवळजवळ साडेपाच सेकंदांवर येतं. दर 6 सेकंदांनी डोळे मिटून फोटो बदलत गेलात तर पहिल्या कडव्यात सगळं जुळेल आणि तिसऱ्यात सगळं सुटेल. म्हणून गाणं टाइमलाइनवर टाका, चालू करा आणि प्रत्येक समेला कीबोर्डवर M दाबा. तिथे खूण पडते. पूर्ण गाणं असं एकदा ऐकून घेतलं की पुढचं सगळं काम या खुणांवर होतं.

इथे ब्लूटूथचे इअरफोन वापरू नका. त्यांच्यात आवाज कानापर्यंत पोचायला थोडा उशीर होतो, त्यामुळे आपण दाबलेली प्रत्येक खूण उशिरा पडते. वायरचे वापरा.

सम कुठली हे ओळखताना एक घोटाळा हमखास होतो. धृपदाचे शब्द जिथे सुरू होतात तिथेच सम आहे असं वाटतं. पण गायक बऱ्याचदा समेच्या आधीच मुखडा उचलतो आणि ओळीतल्या जोर असलेल्या अक्षरावर समेला येतो. टाळ वाजवायची सवय असलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. इतरांनी ती ओळ दोन-तीनदा म्हणून बघावी आणि हात आपोआप कुठे पडतो ते पाहावं. फोटो तिथे बदलायचा. शब्दाच्या सुरुवातीला बदललेला फोटो घाईचा वाटतो, समेवर बदललेला आपल्या जागी येऊन बसतो.

आलापात तबला नसतो, त्यामुळे तिथे मोजायला काही नाही. गायक श्वास घेतो त्या ठिकाणी फोटो बदला.

आता हालचालीचा वेग. बहुतेकजण किती मोठं करायचं ते ठरवतात, उदाहरणार्थ प्रत्येक फोटो 10 टक्क्यांनी मोठा. मग 6 सेकंदांच्या फोटोत ते 10 टक्के लवकर उरकतात आणि 12 सेकंदांच्या फोटोत निम्म्या वेगाने. दोन फोटो शेजारी आले की वेग बदलल्याचं डोळ्याला लगेच कळतं, जणू कॅमेरा धरणारा माणूसच बदललाय. त्यामुळे मोठं होण्याचं प्रमाण ठरवू नका, वेग ठरवा. अशा व्हिडिओला सेकंदाला एक ते सव्वा टक्का पुरतो. 6 सेकंदांच्या फोटोत 100 वरून साधारण 107, 12 सेकंदांच्या फोटोत 114. आकडे फार लहान वाटतात, पण पडदा मोठा असतो. बघणाऱ्याला फोटो सरकतोय असं न वाटता आपण त्या माणसाच्या जरा जवळ गेलो असं वाटलं पाहिजे.

रिझॉल्व्हमध्ये फोटोवर क्लिक करून Inspector उघडा आणि Dynamic Zoom चालू करा. चित्रावर दोन चौकटी दिसतात. हिरवी म्हणजे सुरुवात, लाल म्हणजे शेवट. Swap दाबलं की त्यांची अदलाबदल होते, म्हणजे जवळ जाण्याऐवजी मागे येणं. आपोआप मिळणाऱ्या चौकटी वापरू नयेत, कारण त्या फोटोच्या मध्याशी बांधलेल्या असतात. मोठं होत जाणाऱ्या चित्रात मध्यबिंदू तेवढा जागेवर राहतो आणि बाकी सगळं त्याच्यापासून लांब सरकतं. काकूंचा चेहरा फोटोत वर डावीकडे असेल तर मध्याकडे जाणारा झूम त्यांचा चेहरा आणखी वर आणि आणखी डावीकडे ढकलतो. आपण जवळ जातोय आणि त्या निघून चालल्यात, असं दिसतं. श्रद्धांजलीच्या व्हिडिओत हे फार वाईट दिसतं. लाल चौकट अशी हलवा की शेवटी डोळे चौकटीच्या वरच्या एक तृतीयांश उंचीवर येतील आणि चेहरा सुरुवातीपेक्षा मध्याच्या जवळ असेल, लांब नव्हे. डोक्यावर थोडी मोकळी जागा राहू द्या.

जवळ कधी जायचं आणि मागे कधी यायचं? एकट्या माणसाच्या फोटोत जवळ जाणं बरं. मागे येणं तेव्हाच, जेव्हा मागे आल्यावर काहीतरी नवं दिसणार असतं: कडेवरचं बाळ, शेजारी बसलेले काका, मागचं जुनं घर. मागे येऊन नुसती भिंत दिसणार असेल तर येऊ नका. आणि एक फोटो आत, पुढचा बाहेर, पुन्हा आत, असा नियम लावू नका. एक फोटो विरताना दुसरा उमटतो त्या सेकंदाला दोन्ही चित्रं एकावर एक दिसतात. एक फुगतंय आणि एक आकसतंय असं झालं तर पडदा हेलकावे खातो. तीन-चार फोटो सलग एकाच दिशेने ठेवा आणि दिशा कडवं बदलताना किंवा मधल्या वाद्यसंगीतात बदला. धृपद परत येतं त्या जागा त्यातल्या त्यात महत्त्वाच्या फोटोंसाठी राखून ठेवा. लग्न, नोकरीचा पहिला दिवस, नातवंड. कारण तिथे सभागृहातले लोकही मनात ओळ म्हणत असतात आणि लक्ष पूर्ण असतं.

एक फोटो विरून दुसरा येण्याला एक सेकंद पुरे. तो सेकंद समेच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा पडू द्या. तरीही नवा चेहरा उशिरा आल्यासारखा वाटला तर सगळं दोन-तीन फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली दोन-तीन चित्रं, आधी सरकवा. फोटो किंचित आधी आलेला खपतो, मागून आलेला खपत नाही. या सेकंदात हालचाल थांबता कामा नये. Dynamic Zoom ला वेगाचे पर्याय असतात. त्यातला हळू सुरू होऊन हळू थांबणारा पर्याय दिसायला छान वाटतो, पण तो सगळ्या फोटोंना लावला तर प्रत्येक फोटो बदलायच्या आधी थबकतो आणि बदलल्यावर पुन्हा निघतो. छत्तीस वेळा थबकणं-निघणं बघवत नाही. म्हणून नेहमीच्या फोटोंना Linear ठेवा. फोटो विरताना हालचाल गोठते असं दिसलं तर दोन फोटो दोन वेगळ्या ट्रॅकवर एक सेकंदभर एकावर एक चढवा आणि वरच्या फोटोच्या कोपऱ्यातली फेडची खूण ओढून तो उमटवा. तसं केलं की दोन्ही फोटो शेवटपर्यंत सरकत राहतात.

हळू थांबणं हवं असतं ते एखाद्याच ठिकाणी, आणि तिथे त्याचा फार उपयोग होतो. आपल्या उदाहरणात शाळेचा एक गटफोटो आहे. तीन रांगा, पुढे मुलांनी धरलेली वर्ग आणि साल लिहिलेली पाटी, आणि डाव्या बाजूला, मधल्या रांगेत बसलेल्या तरुण काकू. मूळ फोटो 7 इंच रुंद आणि 5 इंच उंच. तो 600 डीपीआयने, म्हणजे इंचाला 600 ठिपक्यांनी, स्कॅन केला की 4200 बाय 3000 पिक्सेल मिळतात. आपला व्हिडिओ 1920 पिक्सेल रुंद. म्हणजे फोटोची निम्मी रुंदी, 2100 पिक्सेल, पडदाभर दाखवली तरी चित्र फुटत नाही. याला दोन आवर्तनं द्यायची, 16 मात्रा, 12 सेकंद.

चौकट आधी उजव्या बाजूच्या मुलांवर आणि पाटीवर ठेवा. पहिल्या दोन मात्रा काहीही हलवू नका, लोकांना हा शाळेचा फोटो आहे हे कळू द्या. तिसऱ्या मात्रेपासून डावीकडे निघा. दहा मात्रा, म्हणजे साडेसात सेकंद, चौकट आपल्याच रुंदीच्या निम्म्याइतकी सरकते. तेराव्या मात्रेला काकू जागेवर आल्या पाहिजेत. तेरावी मात्रा म्हणजे दुसऱ्या आवर्तनाची पाचवी, खालीची मात्रा, जिथे ठेका स्वतःच हलका होतो. हालचाल तिथे विसावते, उरलेल्या चार मात्रा चौकट स्थिर राहते आणि समेवर पुढचा फोटो येतो. लोक रांगेतले चेहरे शोधत असतात, त्यांना काकू सापडतात, आणि त्यांच्याकडे बघायला तीन सेकंद मिळतात. Dynamic Zoom ला असं मध्ये थांबता येत नाही. त्यासाठी Inspector मधल्या Position आणि Zoom च्या शेजारचा हिऱ्याच्या आकाराचा ठिपका दाबून सुरुवातीची आणि शेवटची जागा नोंदवावी लागते, आणि इथे मात्र वेग हळू सुरू होणारा, हळू थांबणारा निवडायचा.

उलट दिशेने, काकूंपासून निघून पाटीवर थांबलो तर तोच फोटो वेगळं बोलतो. सरकणाऱ्या फोटोत जिथे थांबतो त्याला महत्त्व मिळतं. म्हणून माणसापासून निघून वस्तूवर सहसा थांबू नये. गटफोटो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण फिरवायचा मोहही टाळा. आठ-दहा सेकंदांत पूर्ण रुंदी पार केली तर एकही चेहरा धड दिसत नाही.

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवलेले फोटो लहान होऊन येतात, लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलची उरते. उभा फोटो 1200 बाय 1600 चा असेल आणि तो पडद्याची रुंदी भरेल इतका ताणला तर झूमच्या आधीच तो 1.6 पट फुगलेला असतो. चेहरा पुसट होतो आणि डोकं किंवा पाय कापले जातात. असा फोटो पूर्ण उंचीत बसवा, दोन्ही बाजूंना साधा गडद रंग ठेवा, आणि त्या उंचीतच हळू जवळ जा. त्याच फोटोची धूसर प्रत मागे भरायची पद्धत आहे, पण तीही झूमबरोबर हलू लागली की लक्ष विचलित होतं. ठेवलीच तर ती स्थिर आणि बरीच काळोखी ठेवा. शक्य असेल तिथे घरच्यांकडून मूळ फाइल मागवा, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर ती जशीच्या तशी येते. पासपोर्ट आकाराचा जुना फोटो असेल तर 1200 डीपीआयने स्कॅन करा. 35 बाय 45 मिलिमीटरच्या फोटोतून मग 1650 बाय 2100 च्या आसपास पिक्सेल मिळतात आणि तो पडद्यावर पूर्ण उंचीत नीट उभा राहतो.

फार मोठा फोटोही त्रास देतो. नव्या फोनचा किंवा कॅमेऱ्याचा सहा हजार पिक्सेलचा फोटो व्हिडिओच्या आकारात आकसताना जरीचा काठ, चौकड्यांचा शर्ट, जाळीची खिडकी अशा बारीक नक्षीचे ठिपके लुकलुकू लागतात. स्थिर असताना दिसत नाही, सरकायला लागला की दिसतं. असा फोटो आधीच लांब बाजूला 2500 ते 3000 पिक्सेलपर्यंत लहान करून घ्या. आपला झूम 114 टक्क्यांच्या पुढे जात नाही, त्यामुळे एवढे पिक्सेल भरपूर होतात.

हळू हालचालीचा आणखी एक दोष म्हणजे थरथर. 6 सेकंदांत 7 टक्के मोठं होताना पडद्याच्या कडेचा बिंदूसुद्धा दर फ्रेमला जेमतेम एक तृतीयांश पिक्सेल सरकतो. जी ॲप पूर्ण पिक्सेलचीच हालचाल करू शकतात, ती तो बिंदू दोन-तीन फ्रेम जागेवर ठेवतात आणि मग एकदम एक पिक्सेल उडवतात. चेहऱ्याच्या कडा कापल्यासारख्या दिसतात. असं दिसलं तर दोष तुमच्या वेगाचा नाही, ॲपचा आहे. वेग वाढवून तो झाकू नका, सॉफ्टवेअर बदला.

धक्के सगळ्या पडद्यालाच बसत असतील तर फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम आहेत ते, तपासा. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर बहुधा सेकंदाला 60 वेळा चित्र ताजं करतात. 25 फ्रेमचा व्हिडिओ त्यात समान विभागला जात नाही, काही फ्रेम दोनदा दिसतात आणि काही तीनदा. गटफोटोवरून सरकताना ते जाणवतं. 30 फ्रेम ठेवल्या की प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दिसते. ही सेटिंग फोटो टाकायच्या आधी करा, कारण रिझॉल्व्हमध्ये काम सुरू झाल्यावर ती बदलता येत नाही.

शेवटच्या फोटोला मी हालचाल देत नाही. तो जवळचा, समोर बघणारा एकच चेहरा असतो आणि घरच्यांना तो स्थिर हवा असतो. गाण्याचा शेवटचा सूर पूर्ण विरू द्या, तो मध्येच कापून किंवा आवाज कमी करून संपवू नका. सूर संपल्यावर फोटो आणखी चार-पाच सेकंद राहू द्या आणि मग दोन सेकंदांत पडदा काळा करा. व्हिडिओच्या अखेरीला दहा सेकंदांचा कोरा काळा भाग जोडून ठेवा, नाहीतर संपल्याबरोबर लॅपटॉपचा डेस्कटॉप सगळ्यांसमोर येतो.

सभेच्या आधी त्याच सभागृहात, त्याच लॅपटॉपवरून पूर्ण व्हिडिओ एकदा चालवून बघा. प्रोजेक्टरवर जुने काळपट फोटो आणखी काळपट दिसतात, त्यांतले चेहरे थोडे उजळावे लागतात. चित्राच्या कडा कापल्या जातात का ते पाहा. आवाज ब्लूटूथ स्पीकरवरून दिला असेल आणि फोटो समेच्या आधीच बदलताना दिसत असतील, तर तुमच्या खुणा चुकलेल्या नाहीत, स्पीकर मागे पडतोय. तिथे वायर जोडा.